चार अटी, चार आकडे

०.४८३, ०.८३७, ०.२२४ आणि वजा ०.१२९. संदेश-प्रक्रियेचं कुठलंही पुस्तक उघडा, वेव्हलेटच्या प्रकरणात हे चार आकडे भेटतातच. बहुतेक जण ते जसेच्या तसे उतरवून घेतात आणि पुढे जातात. आकडे दिसायला मोठे विचित्र. त्यांच्यात काही क्रम दिसत नाही, शेवटचा तर उणे आहे. कुणीतरी प्रयोगशाळेत मोजून काढले असावेत, असं वाटतं. पण ते मोजलेले नाहीत. चार साध्या अटी घातल्या की हे चार आकडे येतात, आणि ते काढायला दहावीच्या बीजगणितापलीकडचं काही लागत नाही. ते कसे येतात हे एकदा स्वतःच्या हातानं पाहिलं, की प्रत्येक आकडा काय काम करतो तेही कळतं. म्हणून हा लेख कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचावा.

आधी गरज कशाची ते पाहू. समजा एका उघड्या गच्चीवर तापमापक ठेवला आहे आणि सकाळी ७ पासून दुपारी २ पर्यंत दर तासाला एक नोंद घेतली आहे. नोंदी अशा:

२०, २२, २४, २६, ३३, ३०, ३२, ३४

उदाहरण मी बेतलेलं आहे, आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत. ऊन चढतंय तसा पारा तासाला २ अंशांनी वर सरकतोय. फक्त ११ वाजता, जिथे २८ यायला हवे होते, तिथे ३३ आले आहेत. मापकावर थेट कवडसा पडला असेल. या आठ आकड्यांतून आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या आहेत. एक म्हणजे दिवस साधारण कसा तापत गेला, त्याचा सारांश. दुसरी म्हणजे त्या साधारण चालीपेक्षा कुठे काय वेगळं घडलं, तो तपशील. आणि हे करताना मूळ माहितीतला कणही हरवू द्यायचा नाही. सारांश आणि तपशील पुन्हा एकत्र केले की मूळ आठ आकडे तंतोतंत परत मिळाले पाहिजेत.

याची सर्वांत सोपी रीत हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड हार यांच्या १९१० सालच्या निबंधात सापडते. दोन-दोन नोंदींच्या जोड्या करायच्या. जोडीची बेरीज हा सारांश, वजाबाकी हा तपशील, आणि दोन्हींना √२ ने भागायचं. आपल्या नोंदींवर हे करून पाहा. तपशील येतात −१.४१, −१.४१, +२.१२ आणि −१.४१. कवडशाची जागा तिसऱ्या आकड्यात दिसते खरी, पण बाकीचे तीन आकडेही गप्प बसलेले नाहीत. ऊन नेहमीसारखं चढत होतं, त्यात नवल काहीच नव्हतं, तरी प्रत्येक जोडी तपशील म्हणून काहीतरी नोंदवतेच. दोन नोंदींत फरक आहे एवढंच हारच्या रीतीला कळतं. तो फरक एका सरळ चढाचा भाग आहे, हे कळायला दोन नोंदी अपुऱ्या पडतात.

मग एका वेळी चार नोंदी पाहू. चार सहगुणक घेऊ: अ, ब, क, ड. चार नोंदींवर एक खिडकी ठेवायची, पहिल्या नोंदीला अ ने, दुसरीला ब ने, तिसरीला क ने, चौथीला ड ने गुणायचं आणि बेरीज करायची. तो त्या खिडकीचा सारांश. नंतर खिडकी दोन घरं पुढे सरकवायची आणि तेच पुन्हा. दोन घरंच का? आठ नोंदींमधून चार सारांश आणि चार तपशील, म्हणजे आठच आकडे निघावेत म्हणून. एकेक घर सरकलो तर आठ आणि आठ मिळून सोळा आकडे होतील आणि निम्मी माहिती दोनदा लिहिली जाईल.

आता पहिल्या दोन अटी. त्या काटकोनाच्या आहेत. आलेखकागदावर आरंभबिंदूपासून (२, १) पर्यंत एक रेघ ओढा आणि (१, −२) पर्यंत दुसरी. दोघींमध्ये काटकोन होतो. आकड्यांत तो असा दिसतो: २ × १ अधिक १ × (−२) बरोबर शून्य. घराला घर गुणून बेरीज शून्य आली की त्या दोन याद्या एकमेकींना लंब. याद्या चार आकड्यांच्या असोत की आठ, नियम तोच, फक्त चित्र काढता येत नाही. लंब असण्याचा फायदा असा, की एका खिडकीनं जे मोजलं ते शेजारची खिडकी पुन्हा मोजत नाही. त्यामुळे मूळ नोंदी परत मिळवायला वेगळी समीकरणं सोडवावी लागत नाहीत. ज्या सहगुणकांनी मोडलं त्याच सहगुणकांनी जोडता येतं.

खिडकी चार घरांची आहे आणि दोन घरं सरकते, म्हणजे शेजारच्या दोन खिडक्या दोन घरांवर एकमेकींवर चढतात. पहिलीचे क आणि ड जिथे आहेत, तिथेच दुसरीचे अ आणि ब येतात. या दोन खिडक्या लंब असायच्या तर

अक + बड = ०

हे जमलं पाहिजे. आणि खिडकीनं आकडे फुगवू नयेत, आखडूही नयेत, यासाठी तिची स्वतःची लांबी १ हवी:

अ² + ब² + क² + ड² = १

तपशीलासाठी वेगळे चार आकडे शोधायची गरज नाही. हेच चार उलट्या क्रमानं लिहायचे आणि एक सोडून एक चिन्ह बदलायचं: ड, −क, ब, −अ. ही यादी मूळ यादीला लंब आहे का? घराला घर गुणून बघा: अड − बक + कब − डअ. सगळं कटून शून्य. दोन घरं सरकवूनही असंच कटतं. अ, ब, क, ड काहीही असोत, हे होतंच. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यामुळे निम्मं काम फुकट होतं.

अज्ञात चार आहेत आणि अटी झाल्या दोन, म्हणजे अजून दोन अटी आपल्या मर्जीनं घालता येतात. वेव्हलेटचा सगळा स्वभाव या दोन अटींत ठरतो. आपली मागणी साधी आहे. नवल नसेल तिथे तपशीलानं शून्य म्हणावं. चारही नोंदी सारख्या असतील, म्हणजे पारा स्थिर असेल, तर तपशील शून्य यावा:

ड − क + ब − अ = ०

आणि पारा एकसारखा चढत असेल, ०, १, २, ३ असा, तरीही शून्यच यावा:

−क + २ब − ३अ = ०

या दोन अटी पाळल्या की कुठल्याही सरळ चढाउतारावर तपशील शून्य येतो. २०, २२, २४, २६ ही यादी म्हणजे सगळीकडे २०, आणि त्यावर ०, १, २, ३ ची दुप्पट. दोन्ही भागांवर शून्य आलं तर एकूणही शून्यच.

आता सोडवू. शेवटच्या समीकरणातून क = २ब − ३अ. हे तिसऱ्या अटीत घातलं की ड = क − ब + अ = ब − २अ. म्हणजे क आणि ड दोन्ही आता अ आणि ब च्या भाषेत आले. ते काटकोनाच्या अटीत टाकू:

अ(२ब − ३अ) + ब(ब − २अ) = ०

कंस सोडवा. पहिल्यातून +२अब निघतं, दुसऱ्यातून −२अब निघतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ब² − ३अ² = ०. म्हणजे ब = √३ × अ. वेव्हलेटच्या पुस्तकांत पानोपानी जो √३ दिसतो, तो इथून येतो. एरवी असल्या चौकोनी समीकरणांच्या गुंत्यातून काही नीट बाहेर पडेल अशी आशा नसते. इथे मात्र एका ओळीत गाठ सुटते.

आता क = (२√३ − ३)अ आणि ड = (√३ − २)अ. राहिली लांबीची अट. चौघांचे वर्ग करून बेरीज केली की अ² ला ३२ − १६√३ हा गुणक मिळतो, आणि त्या सगळ्याची किंमत १ हवी. नववीत करणीचं परिमेयीकरण शिकलो होतो तेच इथे करायचं. त्यातून अ² = (२ + √३) ÷ १६ मिळतं, आणि त्याचं वर्गमूळ काढलं की चौघेही एकाच छेदावर येऊन बसतात:

अ = (१ + √३) ÷ ४√२ = ०.४८३०
ब = (३ + √३) ÷ ४√२ = ०.८३६५
क = (३ − √३) ÷ ४√२ = ०.२२४१
ड = (१ − √३) ÷ ४√२ = −०.१२९४

ब = −√३ × अ घेतलं असतं तर? तर हेच चार आकडे उलट्या क्रमानं आले असते. म्हणजे उत्तर खऱ्या अर्थानं एकच आहे, एक सरळ आणि एक आरशातलं.

ही वाट १९८८ साली मोकळी झाली. बेल्जियममध्ये जन्मलेल्या इन्ग्रिड दोबेशी तेव्हा अमेरिकेत बेल लॅबमध्ये काम करत होत्या. त्याआधी ईव्ह मेयर यांनी अतिशय गुळगुळीत आणि परस्परांना लंब अशा वेव्हलेट दिल्या होत्या, पण त्या दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत पसरलेल्या. गणकयंत्रावर वापरायच्या तर कुठेतरी कापाव्या लागणार, आणि कापल्या की लंबपणा मोडणार. दोबेशी यांनी आधी सहगुणक मोजकेच ठेवले आणि त्यांतून वेव्हलेट उभी केली. चार, सहा, आठ अशा कुठल्याही सम संख्येसाठी चालणारी रीत त्यांनी दिली. चारच्या पलीकडे गेलं की ती रीत लागतेच. चारपुरतं आपलं वरचं बीजगणित पुरतं.

आता गच्चीवरच्या नोंदींकडे परत येऊ. पहिली खिडकी २०, २२, २४, २६. सारांश:

०.४८३०×२० + ०.८३६५×२२ + ०.२२४१×२४ − ०.१२९४×२६ = ३०.०८

वीस ते सव्वीसच्या नोंदींचा सारांश तीस कसा, असं वाटेल. चारही सहगुणकांची बेरीज करून पाहा, ती बरोबर √२ येते. ही अट आपण घातलीही नव्हती, ती आपसूक पाळली गेली. म्हणून सारांश नेहमी √२ पटीनं मोठा दिसतो. ३०.०८ ला १.४१४ ने भागा, २१.२७ मिळतात. हे सकाळी सात आणि आठच्या मधलं, खिडकीच्या सुरुवातीपासून ०.६३४ तास पुढचं तापमान आहे. त्याच खिडकीचा तपशील म्हणजे −०.१२९४×२० − ०.२२४१×२२ + ०.८३६५×२४ − ०.४८३०×२६. उत्तर शून्य. चढ सरळ आहे, सांगण्यासारखं काही नाही.

दुसरी खिडकी २४, २६, ३३, ३०. सारांश ३६.८६. तपशील मात्र ४.१८. हा आकडा कुठून आला ते थेट दिसतं. कवडशानं वाढवलेले ५ अंश या खिडकीच्या तिसऱ्या घरात आहेत आणि तपशीलाच्या यादीत तिसरा आहे ब, म्हणून ५ × ०.८३६५. तिसरी खिडकी ३३, ३०, ३२, ३४. तिथे तेच ५ अंश पहिल्या घरात आले, पहिला आहे ड, म्हणून तपशील −०.६५ आणि सारांश ४३.८१. हारच्या रीतीत कवडसा २.१२ होता आणि आजूबाजूला १.४१ चा गलका होता. इथे एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला −०.६५ आणि मध्ये ४.१८.

चौथ्या खिडकीला अडचण येते. तिच्या वाट्याला ३२ आणि ३४ या दोनच नोंदी उरल्या आहेत, पुढे काही नाही. रूढ उपाय असा की यादी गोल वळवायची आणि सुरुवातीच्या २०, २२ पुन्हा घ्यायच्या. मग खिडकी होते ३२, ३४, २०, २२. सारांश ४५.५३ आणि तपशील −५.६६. हा तर कवडशापेक्षाही मोठा निघाला! पण दुपारी दोन वाजता गच्चीवर काहीच घडलेलं नाही. दुपारच्या ३४ नंतर लगेच सकाळचे २० आले, हा उतार आपणच तयार केला, आणि तपशीलानं तो इमानानं नोंदवला. म्हणून वेव्हलेटचे तपशील वाचताना कडेच्या खिडकीतला मोठा आकडा आधी बाजूला ठेवावा. नोंदी गोल फिरून जुळणाऱ्या नसतील तर तो बहुधा खोटाच असतो. यादी सरळ रेषेत पुढे वाढवली, ३६ आणि ३८ धरले, तर तिथेही शून्य येतं. मात्र मग सुरुवातीलाही एक जादा खिडकी लागते आणि आठ नोंदींचे दहा आकडे होतात. खोटा तपशील टाळायचा तर ही किंमत मोजावी लागते.

गणित बरोबर झालं का, हे पाहायला एक खात्रीचा ताळा आहे. मूळ आठ नोंदींच्या वर्गांची बेरीज ६३०५. चार सारांशांच्या वर्गांची बेरीज साधारण ६२५५.१ आणि चार तपशीलांच्या वर्गांची ४९.९. दोन्ही मिळून पुन्हा ६३०५. लंबपणा आणि लांबी १, या पहिल्या दोन अटींचं हे फळ आहे. चिन्हाची एक चूक झाली तरी हा मेळ सहसा बसत नाही. आणि ११ वाजताची नोंद परत मिळवायची असेल तर तिला शिवणाऱ्या दोन्ही खिडक्या घ्यायच्या: क × ३६.८५५ + अ × ४३.८०६ + ब × ४.१८३ + ड × (−०.६४७). करून बघा, ३३ येतात.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. कवडसा ११ ऐवजी १२ वाजता पडला असता तर? तेच ५ अंश दुसऱ्या खिडकीच्या चौथ्या घरात आणि तिसऱ्या खिडकीच्या दुसऱ्या घरात पडले असते, आणि तपशील आले असते −२.४१ आणि −१.१२. घटना तीच, तेवढीच, पण एका घराच्या फरकानं आकडा ४.१८ वरून २.४१ वर उतरला. म्हणून तपशीलाच्या आकारावरून घटनेचा आकार थेट ठरवू नये.

दुसरी मर्यादा अशी की हे चार सहगुणक सममित नाहीत. डावीकडून वाचले तर वेगळे, उजवीकडून वेगळे. चित्रांच्या कडांना हे त्रासदायक ठरतं. यावर उपाय शोधायचा प्रयत्न अनेकांना करावासा वाटतो, पण दोबेशी यांनीच दाखवून दिलं आहे की लंबही हवं, मोजक्या लांबीचंही हवं आणि सममितही हवं, असं हारची वेव्हलेट सोडून काही नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफबीआयनं बोटांचे ठसे साठवायला आणि जेपीईजी २००० च्या कर्त्यांनी छायाचित्रं आवळायला काटेकोर लंबपणा सोडून देऊन सममित फिल्टर घेतले.

संगणकावर हे करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. आपली चार सहगुणकांची वेव्हलेट काही ठिकाणी D4 या नावानं भेटते, तर काही ठिकाणी db2 या नावानं. पहिल्या नावात सहगुणक मोजले आहेत, दुसऱ्यात तपशील शून्य करणाऱ्या अटी. वस्तू एकच. काही ग्रंथांत सहगुणकांची बेरीज √२ ऐवजी १ किंवा २ ठेवतात, आणि काही प्रणालींत खिडक्यांची सुरुवात एका घरानं सरकलेली असते. तेव्हा आकडे वरच्यांशी जुळले नाहीत तर घाबरू नका. आधी बेरीज बघा, मग सुरुवात कुठून केली आहे ते बघा.

आणि शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. ०, १, ४, ९ या वर्गसंख्यांवर तपशीलाची यादी चालवा. हा चढ सरळ नाही, वक्र आहे, त्यामुळे शून्य येणार नाही. उत्तर बरोबर −√३ ÷ √२, म्हणजे −१.२२५ यायला हवं. तुमचं वेगळं आलं तर क आणि अ ची चिन्हं आधी तपासा. हा वक्र चढही शून्य करायचा असेल तर सहा सहगुणक लागतात.